अपडेटनंतरची बस

हिरालाल एसटीतून निवृत्त झाले, पण एसटी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. अर्जुनी मोरगावातल्या घरी, मुलगी साक्षीच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात, दुपारी गिऱ्हाईक जेवायला पांगलं की ते संगणकासमोर बसत. टेबलाला गेमचं स्टिअरिंग अडकवत आणि बस चालवायच्या गेममधली बस काढत. शेजारच्या खुर्चीत केशोराव. ज्या कंडक्टरबरोबर हिरालालनी निम्मी नोकरी केली, तोच हा माणूस. ते पडद्यावरच्या प्रवाशांवरही खेकसायचे. दोघांना कुणी हसलं तर हिरालालना राग येई आणि केशोरावांना मजा.

आता केशोराव रायपूरला मुलाकडे कायमचे निघाले होते. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. आज शेवटची फेरी मारायची असं ठरलं, आणि नेमकी बसच सुरू होईना. गेम काढणाऱ्या कंपनीचं नाव यायचं, पडदा काळा व्हायचा आणि गेम गपकन बंद पडायचा.

"काऊन वं साक्षी, काल तं चांगली चालली होती!" हिरालाल पोरीवरच उखडले.

"रातच्याला विंडोजचं मोठं अपडेट झालं, बाबा. नवी आवृत्ती आली. तुमचा गेम जुना हाय."

साक्षी शांत डोक्याची पोर. म्हणाली, जुन्या विंडोजवर परत जाता येतं, अपडेटनंतर काही दिवस ती सोय राहते. तिनं सेटिंग्ज उघडली. परत जायचं बटण होतं, पण दाबताच उत्तर आलं, जाता येत नाही.

"सी ड्राइव्ह कोणी साफ केला?"

"म्या," हिरालाल अभिमानानं म्हणाले. "तूच शिकवलं ना. ड्युटीवर निघायच्या आधी गाडी धुवायची सवय हाय माही. आज सकाळी मस्त लई जागा मोकळी केली. 'आधीचं विंडोज' म्हणून केवढं ओझं होतं तिथं!"

साक्षीनं कपाळाला हात लावला. परतीचा रस्ता त्या ओझ्यातच होता. बाबांचा चेहरा पडलेला बघून ती रागावली मात्र नाही. जुनी आवृत्ती नव्यानं टाकायची तर संगणक कोरा करावा लागणार, आणि केंद्राचं सगळं काम त्याच संगणकावर. "मंग कोरा कर" असं म्हणायला हिरालालची जीभ वळवळली. पण पोरीचं पोट त्यावर चालतं हे त्यांना ठाऊक होतं.

राहिले दोन मार्ग. गेमवाल्यांच्या पानावर लिहिलं होतं: अडचण ठाऊक आहे, दुरुस्ती करतो आहोत. कधी, ते नाही. म्हणजे थांबा. नाहीतर ड्रायव्हर बदलून बघा.

"डायवर कायले बदलायचा?" हिरालाल भडकले. "डायवर म्या हाय!"

केशोरावांना हसू आवरेना. साक्षीनं समजावलं, संगणकाच्या प्रत्येक भागाला चालवणारी बारकी आज्ञावली असते, तिलाही ड्रायव्हरच म्हणतात. तिनं पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर घातला. काळा पडदा तसाच. मग खेळाडूंच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं सापडलं, गडबड आवाजाच्या जुन्या ड्रायव्हरची आहे. त्याचा नवा ड्रायव्हर शोधला, तर कंपनीनं या मॉडेलसाठी काढणंच कधीचं सोडलेलं. शेवटी तिनं आवाजाचा भागच बंद करून टाकला. गेम उघडला. बस उभी, हेडलाइट लागलेले. सगळं मुकं.

"बिनआवाजाची गाडी?" हिरालालना रडूच यायचं राहिलं. "केशोराव, जाऊ दे रे. हे काय खरं नाई."

"बस चालू कर," केशोराव म्हणाले. "मी हाव ना."

पहिल्या थांब्यावर माणसं चढली. केशोरावांनी दोन बोटांनी टेबल वाजवला आणि घसा खाकरून ओरडले, "टिंग टिंग! चला, मागं सरका, दारात कायले उभे राहून राहिले!" हिरालालनी गिअर टाकला. थांबा आला की एक टिंग, निघायचं की दोन. मध्येच वळणावर केशोराव हॉर्नही तोंडानं देत. साक्षी दारातच उभी राहिली. फॉर्म भरायला आलेल्या बाईलाही तिनं खुणेनं थांबवलं. शेवटच्या थांब्यावर बस लावून हिरालालनी टेबलाचं स्टिअरिंग सोडवलं. मग दोघे चहा प्यायले.

केशोराव गेले. गेमवाल्यांची दुरुस्ती उशिरा का होईना आली, साक्षीनं आवाज परत चालू केला. इंजिनची घरघर, हॉर्न, घंटी, सगळं जागेवर. तिला वाटलं बाबा खूश होतील. हिरालालनी एक थांबा गाडी नेली, घंटी ऐकली आणि हात लांब करून स्पीकर बंद केला.

"काऊन, बाबा? आता तं बरोबर वाजून राहिली."

"वाजते," ते म्हणाले, "पण माणसं चढली का नाई, ते पाहून नाई वाजवत."