नाल्यापलीकडची गावं

वत्सलाबाई रामटेके आलापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्सबायांच्या कामावर देखरेख करायच्या. १९८६च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी चंदा नर्ससाठी लिहिलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. "लसीकरण कमी आहे. महिनाभरात काम सुधारा, अन्यथा नोकरी जाईल."

असाच कागद मिळालेली आधीची नर्स सुलोचना आकडा वाढवायला भरल्या नाल्यात उतरली होती. लसीची पेटी तेवढी काठाला लागली.

"साहेब, मले हे पुन्हा लिहू द्या."

"का? सरळ तर लिहिलंय."

"सुधारा म्हंजे किती? अन् कुठी? पोरीले इथली माडिया बोली येत नाई. सुई पाहून बाया लेकरं घेऊन रानात पळतात. आपण मदत काय देऊन राह्यलो?"

त्यांनी लिहिलं : नाल्याअलीकडच्या चार गावांत तिसरा डोस राहिलेल्या बाळांपैकी निम्म्यांना पाच नोव्हेंबरपर्यंत लस. सोबत माडिया बोलणारी दाई. दर बाजाराच्या दिवशी जीपने लस. पाच सप्टेंबर आणि पाच ऑक्टोबरला मधली तपासणी.

"नाल्यापलीकडची गावं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी उतरल्यावर. तोवर तिच्या हिशोबात नाई."

डॉक्टरांनी सही केली.

चंदाने कागद दोनदा वाचला. "बाई, जीप नाई आली तं?"

"तो आठवडा तुह्यावर धरायचा नाई. खाली लिवलं आहे, पाह."

दुसऱ्या दिवशी पेटी खांद्याला लावून चंदा दाईबरोबर निघाली. फाट्यावर ती नाल्याकडे पाठ करून वळली, तरी वत्सलाबाई ओसरीतून हलल्या नाहीत. पाण्याचा आवाज तिथवर येत होता.