आरशाखालचा फोन

आमच्या गल्लीतल्या केस कापणाऱ्या ताईचे हात दिवसभर रंगात, नाहीतर शॅम्पूत. म्हणून फोन आरशाखाली उताणा ठेवायचा आणि मेसेज हात न लावता वाचायचे.

तिच्या खरेदीच्या ॲपवरून कोणीतरी तिच्याच पैशांनी वस्तू मागवू लागलं. तिने ॲपला बोटाच्या ठशाचं कुलूप लावलं, तरी चोरी चालूच.

मी म्हटलं, "अगं, चोर त्याच्या फोनवर तुझा नंबर टाकून घुसतोय. त्याला फक्त तुझ्या मेसेजमध्ये येणारा कोड हवा, आणि तो तू आरशाखाली मांडून ठेवतेस!" मी सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवला, मेसेजच्या ॲपलाही कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ नेहमीसारखा फुकट केस कापायला बसला. पायात कोरे करकरीत बूट, मांडीवर स्वतःचा फोन. अर्धे केस कापून झाले आणि आरशाखालच्या फोनवर मेसेज वाजला. भाऊ वाकला, डोळे बारीक केले आणि वैतागला, "ताई, आज आकडे का दिसत नाहीत गं?"

शी! किळस आली मला. हिने याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

ताईने कात्री ठेवली, त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं. "ऊठ. असाच घरी जा. अर्धंच डोकं का, ते आईला तूच सांग."