चिमटलेला पाईप

मी आयुष्यात एकाच माणसावर हात उचलला. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळ मिलच्या मालकाने मोठं गोदाम बांधायला घेतलं होतं, आणि ठेकेदाराकडून साइट इंजिनिअर म्हणून मी तिथे होतो. छत पत्र्याचं, दोन उतारांचं. दोन्ही उतारांचं पाणी मधल्या लांब पन्हळीत येणार. त्या पन्हळीचं पाणी बाहेर कसं काढायचं, यावरून पहिल्या दिवसापासून वाद होता.

शेजारीच मालकाचं जुनं गोदाम होतं. तिथे प्रत्येक खांबाला एक जाड पाईप लावलेला. पाणी आपल्या वजनाने खाली येई, पाईपच्या कडेकडेने, मधे हवाच. म्हणून पाईप जाड लागत, पुष्कळ लागत, आणि जमिनीखाली त्यांच्यासाठी उताराच्या नाल्या खणाव्या लागत. एक नाली तुंबली की फरशी फोडायची. मालकाला ते नको होतं. पुण्याच्या सल्लागाराने दुसरी पद्धत सुचवली, सायफनची. पन्हळीतल्या प्रत्येक तोंडावर एक चपटी झाकणी बसवायची. पाणी थोडं साचलं की झाकणीमुळे हवा आत शिरत नाही, पाईप काठोकाठ भरतो. शेवटच्या भिंतीपाशी उभ्या पाईपातून खाली कोसळणारं पाणी मागचं सगळं पाणी ओढून घेतं. त्यामुळे छताखालच्या आडव्या पाईपाला उतार लागत नाही, पाईप बारीक चालतो, आणि फरशीखाली काही खणावं लागत नाही.

पाईपचं काम धुळ्याच्या एका मिस्त्रींकडे होतं. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारी आणि पाईप बसवलेला माणूस. उताराशिवाय पाईप टांगायचा म्हटल्यावर ते हसले होते. पण मी नकाशा समजावून सांगितला तेव्हा शेवटपर्यंत ऐकलं, आणि झाकण्या स्वतःच्या हाताने बसवल्या.

शेवटचा आडवा तुकडा, जिथे पाईप भिंतीपाशी खाली वळतो, तेवढा बाकी राहिला. नकाशातला जाड कडांचा काळा पाईप संपला होता आणि नवा यायला वेळ होता. पावसाळा तोंडावर. जळगावात पाईपला काय तोटा? मी बाजारातून त्याच व्यासाचा, शेतात वापरतात तसला पातळ पीव्हीसी पाईप आणवला. नानांनी तो दोन्ही हातांत धरून दाबून पाहिला.

"साहेब, हाऊ पाईप पातळ शे. विहिरवर पानी ओढावाले असा पाईप लावा, तर तो चिमटी जास."

मी म्हणालो, नाना, हा दाबाचा पाईप आहे, शेतात दाब सोसतो. ते म्हणाले, तो आतून फुगवणारा दाब. इथे तुम्हीच सांगता की पाणी ओढलं जाणार. मी चिडलो. एवढ्या लोकांसमोर मला शिकवू नका, लावा म्हटलं तर लावा. त्यांनी लावला. नकाशाच्या कोपऱ्यात हा बदल लिहून मी सही केली.

जून-जुलै नीट गेले. पाऊस बेताचा होता, पाईप कधी पूर्ण भरलाच नाही. पाणी साध्या पाईपासारखंच निघून जायचं. ऑगस्टमध्ये एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस आला. पत्र्यावर इतका मार होत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गोदामात तुरीच्या पोत्यांच्या उंच थप्प्या लागल्या होत्या, आणि हमाल थप्पीखालच्या फळ्या सरकवत होते.

पाईप आधी गुरगुरला. मग हादरायला लागला, लटकवलेले बोल्ट खडखडू लागले, आणि एकाएकी सगळा पाईप भरून ओरडायला लागला. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी गडगडत पडत होतं.  जसं सांगितलं होतं अगदी तसंच चाललं होतं. मी नानांकडे पाहिलं, थोडं जिंकल्यासारखं.

पाच-दहा मिनिटांत भिंतीपाशी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. ओरडणं थांबलं. वर छतावर पन्हळ भरत गेली. दोन्ही टोकांना जादा पाण्यासाठी ठेवलेल्या खाचांतून धबधबे सुटले, पण पन्हळ इतकी लांब होती की मधलं पाणी टोकापर्यंत पोचेना. ते काठावरून पत्र्याखाली उलटलं आणि गोदामाच्या मधोमध भिंतीसारखं कोसळलं. पोती भिजली, फुगली, कडेची थप्पी वाकली. हमाल ओरडत पळाले. एक जण घसरून पडला आणि पोती त्याच्या पायावर आली. आम्ही ती ओढली तेव्हा त्याची नडगी वाकडी झाली होती आणि हाड कातडीतून बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता, फक्त त्याने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.

त्याला ट्रकमधून दवाखान्यात नेलं. मागे राहिलेले हमाल पेटले होते. पाईप नानांनी टांगला हे त्यांना ठाऊक होतं, पातळ पाईप कोणी आणवला हे नाही. चौघांनी नानांना भिंतीला दाबलं, एकाच्या हातात पोती ओढायचा लोखंडी हूक होता. हमालांचा मुकादम विचारत होता, झाकण्या काढल्या का तुम्ही? आधी हसत होतात ना? मला मधे पडायला हवं होतं. मी पडलो, आणि सगळ्यांसमोर नानांच्या कानाखाली मारली. पूर्ण ताकदीने. ते खांबावर आदळले. त्यांच्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यावर आली.

"झाकन्या जागवरच शेत," ते म्हणाले. "वर चढीसन देखा."

पाऊस ओसरल्यावर मुकादम, मी आणि दोन हमाल वर चढलो. सगळ्या झाकण्या जागेवर होत्या, कचराही नव्हता. खाली येऊन शिडी भिंतीपाशी लावली. माझा पांढरा पाईप वळणाच्या अगदी अलीकडे पट्टीसारखा चपटा झाला होता आणि कडेला चिरला होता. ओढ तिथेच सर्वांत जास्त असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

 मुकादमाने हूक घेऊन उभ्या हमालाला बाहेर पाठवलं. मी शिडीवरून खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हा पाईप मी लावायला लावला, नानांनी नको म्हटलं होतं. एक हमाल माझ्या तोंडावर थुंकला. मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने विचारलं की हे सगळं काढून जुन्यासारखे खांबाखांबाला पाईप लावू का. सल्लागार फोनवर काही सांगत होता. मालकाने फोन ठेवला आणि नानांना विचारलं. ते म्हणाले, पद्धत खरी आहे, दहा मिनिटं मी माझ्या कानांनी ऐकली. शेवटपर्यंत तोच काळा पाईप लावा आणि पन्हळीच्या मधेही बाहेर काढणारी वेगळी वाट ठेवा. तसंच झालं. काम नानांनीच केलं. माझ्याशी ते कामापुरतं बोलत, आणि मी डाव्या बाजूने बोललो की मान वळवून उजवा कान पुढे करत. डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

मी माफी मागितली तेव्हा ते पान्याने नट आवळत होते. "व्हई गयं," एवढंच म्हणाले, आणि दुसरा नट मागितला. मी तो दिला.

हमालाचा पाय जुळला, पण वाकडाच. पुढे तो त्याच गोदामाच्या फाटकावर बसायचा. मी तिथून गेलो की तो उठून उभा राहायचा, आणि ते मला सगळ्यात जास्त लागायचं.