टँकर कशाला

बाळांनो, तुमच्या आईने फोनवर विचारलं, की निवृत्त झाल्यावर मी शिकवणीखेरीज काही केलं का. केलं, आणि त्यातलं एक काम आठवलं की अजून तोंड कडू होतं.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला, मळीपासून मद्यार्क काढणारा कारखाना यायचा होता. अशा प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा मराठी सारांश आधीच ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो. मी मराठीची शिक्षिका, म्हणून अहवाल करणाऱ्या सल्लागाराने तो सारांश माझ्याकडे आणला. "मॅडम, लोकांना कळेल असं करून द्या."

पहिलंच वाक्य होतं, 'भूजलाच्या गुणवत्तेवर संभाव्य प्रतिकूल परिणामांचे उपशमन प्रस्तावित आहे.' मी इंग्रजी अहवाल मागवून मुळापासून वाचला आणि सारांश दोन रकान्यांत नव्याने लिहिला. डावीकडे 'काय होऊ शकतं', उजवीकडे 'त्यासाठी काय करणार'. डावीकडे: कारखान्याचं काळपट, उग्र वासाचं सांडपाणी तळ्यात साठवतील. तळं गळलं तर पाणी जमिनीत मुरून उताराने वस्तीकडे जाईल आणि विहिरी खराब होतील. उजवीकडे: तळ्याला जाड प्लास्टिकचं अस्तर घालू, विहिरींचं पाणी दर महिन्याला तपासू, खराब निघालं तर टँकरने पाणी देऊ. पावसाळ्यात या सांडपाण्याचं खत करता येत नाही, म्हणून तेव्हा उत्पादन बंद ठेवू.

सल्लागार खूश होऊन गेला.

आमच्याकडे मेथी आणि झेंडू घेऊन येणारी बाई त्याच वस्तीवरची. तिची विहीर तळ्याच्या ठरलेल्या जागेच्या अगदी खाली होती, आणि तिचा सगळा मळा त्या एका विहिरीवर. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "बाई, कारखानेवाली माणसं लय चांगली हाय. पाणी फुकट तपासणार, वर टँकर पण देणार. कागदात लिवलंय, पोरीनं वाचून दाखवलं."

मी तो कागद मागवून घेतला. भाषा माझीच होती. फक्त पाण्याचा डावा रकाना गायब होता, आणि उजव्याला मथळा दिला होता, 'गावासाठी सोयी'.

मला किळस आली. जुनं बोजड मराठी निदान संशय तरी येऊ देत होतं. माझ्या सोप्या वाक्यांनी तोही पुसला होता. सल्लागाराला फोन केला, तर तो हसत म्हणाला, "मॅडम, लोक उगाच घाबरतात. मूळ अहवालात सगळं आहेच की." मूळ अहवाल इंग्रजीत, आणि जाडजूड.

मी भाजीवालीला डावा रकाना वाचून दाखवला. तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मंग टँकर उपकार नाय."

"नाही."

"सुनावणीला याल का, बाई?"

गेले. मंडपात कारखान्याने टेम्पोने आणलेली माणसं पुढच्या खुर्च्या अडवून बसली होती. समोसे वाटले जात होते, पंखे फक्त मंचाकडे तोंड करून. एक पुढारी बराच वेळ रोजगारावर बोलला, टाळ्या ठरल्यासारख्या पडल्या. मग माझ्या भाजीवालीने हात वर केला.

"साहेब, आमच्या विहिरीला बारमाही पाणी हाय. टँकर कशाला?"

"खबरदारी म्हणून, ताई," सल्लागार म्हणाला.

"कशाची?"

"म्हणजे, अगदीच काही झालं तर."

"तेच विचारते. काय झालं तर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सांग की, भाऊ, समोसा खाऊन झाला असंल तर." मंडप हसला. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी अहवाल उघडायला लावला. सल्लागाराला तळ्याचं, गळतीचं आणि उताराचं मराठीत सांगावंच लागलं. त्यानंतर तळं ओढ्यापलीकडे हलवा, अशी मागणी वस्तीतल्या जवळजवळ सगळ्यांनी केली.

अशा सुनावणीत शेवटी इतिवृत्त लोकांना वाचून दाखवतात. वाचणाऱ्याने शांतपणे वाचलं, 'ग्रामस्थांनी टँकरची मागणी केली. प्रकल्पधारकाने ती मान्य केली.'

लोक चपला शोधत होते. भाजीवाली मात्र जागेवरून हलली नाही. "टँकर आम्ही मागितला नाय. तळं हलवा म्हणलो. तसं लिवा आन् परत वाचा. तवर सही नको." उठलेली माणसं पुन्हा बसली. अधिकाऱ्यांनी खोडून लिहायला लावलं, परत वाचायला लावलं, मगच सही केली.

कारखान्याला परवानगी मिळाली, पण तळं ओढ्यापलीकडे नेण्याच्या अटीवर. मेथी पुढेही त्याच विहिरीवरची येत राहिली.

वर्षभराने सल्लागार दुसरा सारांश घेऊन दारात आला. "मॅडम, तुमची भाषा लोकांना फार आवडते." मी त्याला पाणीही विचारलं नाही. आमच्याकडे असं कधी होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.