एका सेंटचं मशीन

युकलानताईने मकावच्या बाजारात तीस वर्षं सुके मासे विकले. पैशाला चिकट, तोंडाने फटकळ. जुगाऱ्यांना ती तोंडावर मूर्ख म्हणायची. मी कॅसिनोत चहाची गाडी ढकलते, तर माझ्यावरही तिचा राग.

त्या दुपारी मात्र ती आत आली. नवरा समोरच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरकडे बसला होता. त्याची कवळी तासाभरात मिळणार होती. दोन महिने बिचारा पेज पीत होता. कवळीचे सहाशे डॉलर हिच्या पिशवीत.

ती ज्या जुगाराच्या मशीनसमोर बसली, त्यावर 'एक सेंट' लिहिलेलं. हिने सहाशे घातले, पडद्यावर साठ हजार उमटले. साठ हजार वेळा खेळता येईल, असं हिला वाटलं! खाली एकपासून दहापर्यंत बटणं होती. आमच्याकडे आठ म्हणजे भाग्य. हिने आठ दाबलं.

वीस मिनिटांनी मी चहा घेऊन गेले, तेव्हा मशीन टाळ्या पिटत होतं.

"बघ गं, दोन डॉलर जिंकले!"

"ताई, एका दाबाला सात जातात."

"काहीतरीच! एक सेंटचं आहे."

"एक सेंट एका ओळीचा. या मशीनला ओळी अठ्ठ्याऐंशी, कमी करताच येत नाहीत. वर तुझे आठ पट. सातशे चार सेंट, म्हणजे सात डॉलर चार सेंट. सात घालून दोन मिळवलेस, पाच गेले."

खेळणाऱ्याला सल्ला द्यायला आम्हाला बंदी आहे. पण माझी जीभ कुठे आवरते! तिने पडद्याकडे पाहिलं. एकशे सत्त्याहत्तर डॉलर उरले होते. तिचा चेहरा उतरला.

"ऊठ आता."

"उठून काय सांगू त्याला? तोंड उघडून बसलाय तो तिथे." मग हळूच म्हणाली, "स्वस्त कसं करू?"

मी एक पट दाबायला सांगितलं. अठ्ठ्याऐंशी सेंट. ती जपून, मोजून खेळू लागली. दहाव्या दाबाला पाच सोनेरी मासे एका ओळीत आले. पन्नास डॉलर!

मला केवढा आनंद झाला. तिने मात्र पडद्यावरचा बक्षिसांचा तक्ता बोटाने वाचला आणि थंडपणे विचारलं, "आठ पट असते तर?"

"चारशे," मी म्हणाले. खोटं कसं बोलू? "पण ताई, तेव्हा आठ दाबलं असतंस तर हेच मासे आले असते असं नाही. आणि तिथवर पोचायला सत्तर गेले असते."

"चारशे. गेलेले जवळजवळ सगळे परत आले असते."

"ताई, पैसे काढ. दोनशेच्या वर आहेत. डॉक्टरांना सांग, बाकीचे उद्या—"

"तू गाडी ढकल."

तिला हिशोब आता माझ्याइतकाच कळत होता. सातशे चार तिने स्वतः ओठांत पुटपुटलेले मी ऐकले. पिशवीतला फोन वाजत होता. तिने तो काढून पालथा ठेवला आणि आठ दाबलं.