सदतीस टक्क्यांतला एक परिच्छेद

पिरंगुटच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता मी पीएच.डी. केली. विषय होता मुळशीतली भातशेती. प्रबंध विद्यापीठात द्यायला आठवडा उरला असताना ज्या महाविद्यालयातून मी संशोधन करत होते तिथल्या ग्रंथपालांनी तो संगणकावर तपासला आणि साम्याचा अहवाल माझ्या हातात ठेवला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, सदतीस टक्के. चालतात दहा.

माझा पारा चढला. पोरांच्या वह्या समोरासमोर धरून कोणी कोणाचं उतरवलंय ते सांगणारी बाई मी! "तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणाले. "सहा वर्षं मी ताम्हिणीचे बांध तुडवलेत, कोणाच्या घरी चोरी करायला गेले नव्हते."

ग्रंथपाल उरवड्याचे, माझ्याहून लहान, पण घाई म्हणून नाही. "बसा बाई. ह्ये चोरी मोजत न्हाई, नुसतं जुळलेलं मोजतंय. चोरी हाय का न्हाई, ते आपुन बघायचं."

मग आम्ही रंगीत ओळी एकेक करून पाहू लागलो. शेवटची बावीस पानं लालच लाल. ती संदर्भसूची होती. पुस्तकांची नावं सगळ्यांच्या प्रबंधात सारखीच असणार, वेगळी कुठून आणणार? त्यांनी सूची वगळली आणि आकडा एकवीसवर आला. मी पदराने घाम पुसला.

पुढे जुन्या सरकारी अहवालांतले उतारे. खाली स्रोत दिला होता, पण अवतरणचिन्हं नव्हती. सुबक दिसावं म्हणून मी ते नुसते आत सरकवून बारीक अक्षरात छापले होते. "यंत्राला तुमची हौस कशी कळायची?" ते म्हणाले. मी मुकाट्याने चिन्हं घातली. प्रबंध पुन्हा तपासायला टाकला तेव्हा आकडा बारा.

"पयल्या वेळी म्या ह्यो यंत्रात साठवून ठेवला न्हाई म्हणून बरं," ते हसत म्हणाले. "साठवला असता, तर आता तुमचाच प्रबंध तुमच्याशी जुळला असता. शंभर टक्के!" शेजारच्या एका महाविद्यालयात तसं झालं होतं म्हणे, आणि ते प्राध्यापक दोन दिवस जेवले नव्हते. मला फार हसू आलं, दुसऱ्याची फजिती असल्यामुळे असेल.

चार टक्के माझ्याच छापून आलेल्या लेखाशी जुळत होते. लेख माझा आहे असं मार्गदर्शक सरांचं पत्र जोडायचं, प्रबंधातही तसं नमूद करायचं, की तो वगळता येतो. राहिले आठ. मी उठून चहा सांगितला, वर दोन वडापाव.

"बाई, ह्ये बघा की जरा," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले.

आठात बाकी सगळी फुटकळ जुळणी होती, खात्यांची लांबलचक नावं, नेहमीची वाक्यं. पण तिसऱ्या प्रकरणात एक अख्खा परिच्छेद लाल होता. घाटातला पाऊस खाचरात कसा उतरतो त्यावरचा. शब्द न् शब्द दुसऱ्या कोणाच्या जुन्या प्रबंधाशी जुळत होता. खाली स्रोत नाही, चिन्हं नाहीत.

तो माझा सगळ्यात लाडका परिच्छेद होता. सरांनी त्याच्या समासात "वा!" लिहिलं होतं. मी तो घरी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला होता. घरी जाऊन पहिल्या वर्षाची टिपणवही काढली. माझ्याच अक्षरात तो तिथे होता. वाचनालयात बसून उतरवलेला, आवडला म्हणून. कुठून घेतला ते लिहायचं राहिलं आणि पुढे मला तो माझाच वाटू लागला. मला इतकी लाज वाटली की वही मिटून मी उगाचच भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आकडा बसतोय बाई. ठेवला तरी कुनी इचारनार न्हाई. पर आता तुमाला ठावं हाय." मग म्हणाले, "चिन्हं घाला, नाव द्या, ऱ्हाऊ द्या. न्हाई तर तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं लिवा."

नाव देऊन ठेवणं सरळ होतं, पण मी हट्टी. सहा वर्षं तो पाऊस माझ्या डोक्यावर पडला होता. संध्याकाळभर बसून मी साध्या वाक्यांत लिहिलं, बांध कुठे फुटतो, बायका चिखल कुठे लिंपतात, रोपं कोणत्या कोपऱ्यात आधी कुजतात. जुन्या परिच्छेदासारखं ते काही झुलत नव्हतं.

सरांकडे नवी प्रत आणि पत्राचा मसुदा घेऊन गेले. त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं, वाचलं, चष्मा काढला.

"हे का बदललंत? आधीचं फार सुंदर होतं."

"हो सर," मी म्हणाले, "पण ते माझं नव्हतं."