नुसती बसणारी पोरगी

भट्टीवाल्याचा आवाज असा, की पाव निघाले हे गल्लीला वासाआधी कानाने कळायचं. लेक चिमणी अंगाने काडी, पण गळा बापाचा. ती शाळेच्या रोइंगच्या संघात गेली म्हणून त्याने गल्लीभर मिरवून घेतलं, आणि मग कळलं, पोरीच्या हातात वल्हंच नाही! चौघी घाम गाळणार आणि ही शेपटाशी बसून ओरडणार. म्हणे कॉक्स.

"बसायला घरी खुर्ची मेलीय का? आज संघातून नाव काढतोच," म्हणत तो नदीवर पोचला. तिथे नेमकी पालकांची गमतीची शर्यत लागलेली.

"एक फेरी मारा, मग काढा," कोचबाई म्हणाल्या. "जिंकलात तर कॉक्सला पाण्यात टाकायचं. रीत आहे आमची."

"मीच टाकतो!" भट्टीवाला गुरगुरला.

होडी पडवळासारखी लांबुडकी. चार पालक, प्रत्येकाला एकच वल्हं, एकाचं डावीकडे तर पुढच्याचं उजवीकडे. बूड टेकायची पाटी चाकांवर पुढेमागे सरकणारी. आणि चौघांचीही पाठ जायच्या दिशेला!

"अगं, पुढचं दिसणार कोणाला?"

"मला," समोर तोंड करून बसलेली चिमणी म्हणाली. सुकाणूच्या दोऱ्या तिच्या मुठीत. "माझ्यासमोर डॉक्टरकाकू. त्या स्ट्रोक, ताल त्यांचा. त्यांचं वल्हं पाण्यात, तेव्हाच तुमचं. बाबा, तुम्ही त्यांच्यामागे, इंजिनाच्या जागी. जोर पायांनी लावा. आणि मागे वळून बघायचं नाही."

निशाण पडलं. भट्टीवाल्याने चार वल्ही मारली आणि वळून बघितलंच. होडी एका अंगाला कलली, पातं पाण्याने गिळलं, दांडा छातीवर आदळला.

"याला खेकडा पकडणं म्हणतात, बाबा! मूठ खाली दाबा, पातं वर येईल!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाचं मुकाट ऐकलं. पातं सुटलं, पण दुसरी होडी निघून गेली. कुठवर गेली, कोण जाणे. पाठमोऱ्याला काय दिसणार?

"आपलं नाक त्यांच्या शेपटाशी!" चिमणी गरजली. "काकू, ताल वाढवा! शेवटचे दहा! बाबा, पाय!"

आणि भट्टीवाल्याच्या डोळ्यांच्या कडेला त्यांची कॉक्स सरकत आली. मग त्यांचा स्ट्रोक. मग एक लालेलाल झालेला मास्तर. मागे जाणारी माणसं बघण्यात एवढी मजा असते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! तो हसत सुटला, ओढत सुटला. होडीच्या नाकावरचा रबरी गोळा रेषेपार आधी गेला, तो यांचा.

काठावर कोचबाई म्हणाल्या, "मग, नाव काढायचं?"

"हात मोकळे नाहीत," भट्टीवाला म्हणाला. त्याच्या हातांत पोरीचे पाय होते, काकूंच्या हातांत तिचे दंड. एक झोका, दुसरा झोका, आणि चिमणी धप्पकन पाण्यात. वर येताच ओरडली, "ताल चुकला तुमचा!"

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने विचारलं, "पोरगी होडीत करते काय?"

"बसते," भट्टीवाला गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "बाकीच्यांना कुठं जायचं ते दिसत नाही ना!"